युकुलेलेवर पहिलं गाणं: चार कॉर्ड्स आणि न थांबणारा हात

युकुलेले हातात आल्यावर बहुतेक जण आधी कॉर्ड्सची चित्रं शोधतात. चार तारा, बारा-पंधरा फ्रेट आणि त्यावर काढलेले काळे ठिपके. दोन दिवसांत पाच-सहा कॉर्ड्स पाठ होतात, पण गाणं मात्र वाजत नाही. एक कॉर्ड छान वाजते, मग शांतता, मग बोटांची शोधाशोध, मग दुसरी कॉर्ड. गाणारा बिचारा तोपर्यंत पुढच्या ओळीवर गेलेला असतो. अडचण कॉर्ड्सची नसतेच. एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना काय करायचं आणि त्या वेळी उजव्या हाताने काय करायचं, हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून इथे चारच कॉर्ड्स घेऊ, त्यांचा एक ठरावीक क्रम घेऊ आणि एकच गाणं घेऊ. क्रम सी, ए मायनर, एफ, जी सेव्हन असा आहे. गाण्याच्या कागदावर किंवा मोबाइलच्या स्क्रीनवर तो C, Am, F, G7 असा लिहिलेला दिसेल. गाणं आहे बेन ई. किंग यांचं १९६१ साली आलेलं ‘स्टँड बाय मी’. कॉलेजच्या कट्ट्यापासून ट्रेकच्या मुक्कामापर्यंत ते पुष्कळांना येतं. शिवाय संपूर्ण गाण्यात कॉर्ड्सचं एकच आवर्तन पुन्हा पुन्हा फिरतं. कडवं आणि धृपद यांच्यासाठी वेगळं काही शिकावं लागत नाही.

आधी तारा जुळवून घेऊ. युकुलेले मांडीवर, छातीशी धरलं की छताच्या बाजूची तार जी, मग सी, मग ई आणि जमिनीच्या बाजूची ए. सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर या तिन्ही आकारांत हेच सूर असतात. चौथा, सगळ्यांत मोठा आकार बॅरिटोन. त्याच्या तारा डी, जी, बी, ई अशा लावतात, त्यामुळे या लेखातल्या बोटांच्या जागा त्यावर वेगळ्याच कॉर्ड्स देतील. विकत घेताना एवढं पाहून घ्या.

पेटीची सवय असलेल्यांनी पांढरी एक हा सा धरावा. मग सीची तार म्हणजे सा, ईची ग, जीची प आणि एची ध. यात एक गंमत आहे. सगळ्यांत वरची जी तार जाड, खर्जाची असेल असं गिटारवरून आलेल्या माणसाला वाटतं. युकुलेलेवर मात्र ती सी आणि ई या दोन्ही तारांपेक्षा उंच असते. सगळ्यांत खालचा सूर दुसऱ्या क्रमांकावरच्या सी तारेचा. त्यामुळे हात वरून खाली फिरवला तरी सूर पायरीपायरीने चढत जात नाहीत. चारही एका छोट्याशा पट्ट्यात जवळजवळ राहतात, आणि युकुलेलेचा तो ओळखू येणारा उजळ आवाज तिथूनच येतो. १८७९ साली पोर्तुगालच्या मदीरा बेटावरून ऊसमळ्यांत काम करायला निघालेली माणसं ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजाने होनोलुलूला उतरली. त्यांनी आणलेल्या छोट्या तंतुवाद्यांतून हवाईत हे वाद्य घडलं. ते घडवणाऱ्यांत त्याच जहाजातून आलेले मान्युएल नुनेस, ऑगस्तो डियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो हे तिघं सुतार होते.

तारा जुळवायला डोक्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर पुरतो. त्यावर गिटार, बेस, युकुलेले असे वेगवेगळे मोड असतात. तो गिटारच्या मोडवर राहिला तर सी तार काही केल्या जुळत नाही, कारण गिटारच्या मोकळ्या तारांत सी नाही. तार नेहमी खालून वर आणत जुळवावी. सूर चढा झाला तर बराच खाली उतरवून पुन्हा वर आणावा, म्हणजे खुंटीतली ढील निघून जाते. नव्या नायलॉनच्या तारा पहिले काही दिवस ताणल्या जात राहतात आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी उतरतात. वाद्य बिघडलंय असं समजू नका. वाजवत राहा, जुळवत राहा, त्या बसतात.

आता बोटं. सी कॉर्डला एकच बोट लागतं. ए तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये अनामिका ठेवायची, बाकीच्या तिन्ही तारा मोकळ्या. आकड्यांत हे 0003 असं लिहितात. डावीकडून जी, सी, ई, ए आणि प्रत्येक तारेवरचा फ्रेट. ए मायनरलाही एकच बोट लागतं: मधलं बोट जी तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये, म्हणजे 2000. एफ कॉर्ड करायला ते मधलं बोट तिथेच ठेवून तर्जनी ई तारेच्या पहिल्या फ्रेटमध्ये टेकवायची, 2010. जी सेव्हनला तीन बोटं लागतात. तर्जनी ई तारेच्या पहिल्या फ्रेटमध्ये, मधलं बोट सी तारेच्या दुसऱ्यात आणि अनामिका ए तारेच्या दुसऱ्यात, 0212. तिन्ही बोटांचा लहानसा त्रिकोण होतो.

कॉर्ड धरली की लगेच हात फिरवू नका. अंगठ्याने एकेक तार छेडून पाहा. चारही तारा स्वच्छ वाजायला हव्यात. एखादी खरखरली तर बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीपासून फार मागे असतं. ते पट्टीच्या अगदी मागे, तिला लागूनच, पण तिच्यावर नको. तिथे सगळ्यांत कमी जोर लागतो. तार खरखरत नाही, पण ठप्प, मेल्यासारखी वाजते, तेव्हा शेजारचं एखादं बोट तिला स्पर्श करत असतं. एफमध्ये हे हमखास होतं. जी तारेवरचं मधलं बोट आडवं कलतं आणि शेजारची सी तार दबते. बोटाचं पेर कमानदार ठेवून टोकाने दाबलं की सी तार मोकळी होते. डाव्या हाताची नखं वाढलेली असतील तर हे जमणारच नाही, ती कापावी लागतात.

सगळं बरोबर करूनही पहिल्या फ्रेटवर बोट दुखत असेल आणि एफ कॉर्ड थोडी चढी, बेसूर वाटत असेल, तर वाद्य तपासा. डोक्याजवळ तारा ज्या पांढऱ्या किंवा काळ्या पट्टीच्या खाचांतून जातात तिला नट म्हणतात. स्वस्त वाद्यांत या खाचा पुरेशा खोल नसतात, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर तार उंच राहते आणि दाबताना ताणली जाऊन चढते. एखादी तार तिसऱ्या फ्रेटमध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या पट्टीवर किती फट राहते ते पाहा. जेमतेम, कागद सरकेल एवढीच फट हवी. ठळक फट दिसली तर वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडून खाचा किंचित घासून घ्या. काम छोटं असतं, पण त्यानंतर तेच वाद्य निम्म्या जोरात वाजतं. असा दोष असताना नवशिका महिनाभर स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो, हे पाहून मला फार वाईट वाटतं.

आता या चार कॉर्ड्सचा हाच क्रम का घेतला, ते सांगतो. सगळी मौज तिथेच आहे. प्रत्येक तारेवर काय घडतं ते सरगमच्या भाषेत पाहू. सी कॉर्डमध्ये चार तारांवर अनुक्रमे प, सा, ग, सा वाजतात. ए मायनरमध्ये ध, सा, ग, ध. एफमध्ये ध, सा, म, ध. जी सेव्हनमध्ये प, रे, म, नि. मग पुन्हा सी, म्हणजे प, सा, ग, सा. सी आणि ए मायनर यांच्यात मधल्या दोन तारा तशाच आहेत. ए मायनर आणि एफ यांच्यात तीन तारा तशाच, फक्त ग चा म होतो. एफ आणि जी सेव्हन यांच्यात म तसाच राहतो. शेवटी जी सेव्हनवरून सीवर येताना नि वर सरकून सा होतो, म खाली उतरून ग होतो, रे खाली येऊन सा होतो. नि ऐकला की कानाला सा हवासा वाटतो, हे पेटीवर अलंकार केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. जी सेव्हन वाजवून थांबलात तर खोलीतला प्रत्येक जण मनातल्या मनात सी कॉर्ड पुरी करतो.

हे जे सुरांचं आहे तेच बोटांचंही आहे. ए मायनरवरून एफवर जाताना मधलं बोट उचलायचं नाही, फक्त तर्जनी येते. एफवरून जी सेव्हनवर जाताना तर्जनी उचलायची नाही. मधलं बोट जी तारेवरून सी तारेवर येतं, फ्रेट तोच, आणि अनामिका ए तारेवर टेकते. जी सेव्हनवरून सीवर येताना अनामिका उचलायची नाही. तर्जनी आणि मधलं बोट वर घ्यायचं आणि अनामिकेचा दाब सैल करून ती त्याच तारेवर दुसऱ्या फ्रेटवरून तिसऱ्यावर सरकवायची. नि वरून सा वर जाणारं हेच ते बोट. म्हणजे चारपैकी तीन बदलांत एक बोट वाद्यावरच असतं आणि त्याच्या आधाराने बाकीच्यांना आपली जागा सापडते. एकच बदल असा आहे जिथे सगळं सुटतं, सीवरून ए मायनर. तिथे अनामिका निघते आणि मधलं बोट पडतं. उपाय सोपा आहे. सी वाजत असतानाच मधलं बोट जी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, तारेला न टेकता तरंगत ठेवायचं. पुढच्या कॉर्डची तयारी आधीच्या कॉर्डमध्ये करायची.

अनेक जण दर बदलाला चारही बोटं उचलून हात गळ्यापासून दूर नेतात आणि मग नव्याने कॉर्ड बांधतात. कॉर्ड म्हणजे एक सुटं चित्र, अशी समजूत झाल्यामुळे हे होतं. ती मोडायला एकच सराव पुरे. उजवा हात बाजूला ठेवा. आवाजाची काळजी न करता डाव्या हाताने एफ, जी सेव्हन, सी एवढेच तीन टप्पे संथपणे करा आणि प्रत्येक बदलाला ‘कोणतं बोट राहिलं?’ हे मोठ्याने म्हणा. तर्जनी राहिली. अनामिका राहिली. पाच मिनिटांत हाताला गोष्ट कळते. डावा हात वाद्याचं वजन पेलत असेल तर मात्र बोटं मोकळी होणार नाहीत. युकुलेलेचं शरीर उजव्या हाताच्या कोपरापुढच्या भागाने छातीशी हलकं दाबून धरायचं. डावा हात पूर्ण सोडला तरी वाद्य जागेवर राहिलं पाहिजे. न राहिल्यास पट्टा लावून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आता उजव्या हाताकडे येऊ. गाणं खरं तर हाच वाजवतो. गिटारवर आवाजाच्या भोकावर हात फिरवतात. युकुलेलेवर मात्र गळा जिथे शरीराला मिळतो त्याच्या आसपास आवाज सगळ्यांत गोड येतो, म्हणून हात थोडा डावीकडे न्यायचा. बोट एकच, तर्जनी. खाली जाताना तिचं नख तारांवरून जातं, वर येताना मांसल टोक. हालचाल मनगटाची असते. कोपरापासून हात हलत असेल तर दोन मिनिटांत खांदा भरून येतो. वरच्या फटक्यात चारही तारा लागायलाच हव्यात असं नाही. ए, ई आणि जमलं तर सी, एवढ्या लागल्या की झालं. नवशिके वरचा फटका खालच्याइतकाच जोरात मारायला जातात, मग बोट तारेत अडकतं आणि लय तुटते.

चार मात्रांचा एक बार धरा आणि प्रत्येक मात्रेचे दोन भाग करा: एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि. आकड्यांवर हात खाली जातो, ‘आणि’वर वर येतो. असे आठ भाग होतात. केरव्याच्या आठ मात्रा टाळीने धरलेल्या कानाला ही विभागणी लगेच ओळखीची वाटते. यापुढचा नियम मात्र मी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगतो. हात या आठही भागांत हललाच पाहिजे, तार वाजो की न वाजो. नमुना बदलतो म्हणजे हाताची हालचाल बदलत नाही. कोणत्या वेळी बोट तारेला लागायचं आणि कोणत्या वेळी हवेतून जायचं, एवढंच बदलतं.

पहिल्या नमुन्यात प्रत्येक मात्रेवर एक खालचा फटका असतो, चारही वेळा. वर येताना हात हवेतून येतो. हे ऐकायला फारच साधं वाटतं, पण गाण्याची पहिली बैठक याच्यावरच करावी. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर किंचित जोर दिला की लगेच गाण्यासारखं वाटू लागतं, कारण या गाण्यावर लोक टाळीही तिथेच देतात. आपल्याकडे सम पहिल्या मात्रेवर असते आणि हात आपसूक तिथे जोर देतो, म्हणून हे थोडं मुद्दाम करावं लागतं. दुसऱ्या नमुन्यात आठही भाग वाजवायचे, खाली-वर, खाली-वर. हा सराव मुख्यतः वरचा फटका हलका करण्यासाठी आहे.

तिसरा नमुना जगभरच्या युकुलेले शिकवणाऱ्यांचा लाडका: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. आठ भागांवर तो असा बसतो. ‘एक’ला खाली वाजवायचं. त्यानंतरच्या ‘आणि’ला हात हवेतून वर. ‘दोन’ला खाली, ‘आणि’ला वर, दोन्ही वाजवायचे. ‘तीन’ला हात खाली जातो, पण हवेतून. त्यानंतरच्या ‘आणि’ला वर वाजवायचं. ‘चार’ला खाली, ‘आणि’ला वर. सगळं कौशल्य त्या तिसऱ्या मात्रेत आहे. तिथे आवाज नाही आणि तिच्या आधीचा व नंतरचा असे दोन वरचे फटके सलग ऐकू येतात. कानाला वाटतं की हात वर जाऊन थांबला आणि पुन्हा वर गेला. म्हणून नवशिका खरोखरच हात वर थांबवतो आणि तिथून पुढे त्याचा बार आखूड पडू लागतो. असं होतंय का हे ओळखायची सोपी खूण आहे. पायाने मात्रा मोजा. जमिनीवर पाय पडतो तेव्हा तुमचा हात प्रत्येक वेळी खालीच जात असला पाहिजे. पाय खाली आणि हात वर अशी वेळ आली की समजा, हात तिसऱ्या मात्रेला अडकला.

तो सोडवायला तारा डाव्या हाताने हलक्या झाकून घ्या, म्हणजे सूर न येता नुसता चक-चक आवाज येईल. मोबाइलवरचा मेट्रोनोम मिनिटाला ६० मात्रांवर लावा आणि आठ भाग तोंडाने म्हणत नमुना वाजवा. ‘तीन’ हा आकडा मोठ्याने म्हणायचा आणि त्याच क्षणी हात तारांपासून बोटभर दूरून खाली न्यायचा. कॉर्ड नाही, गाणं नाही, फक्त हे. एकदा बसलं की मुद्दाम मोडायचं म्हटलं तरी मोडत नाही.

आता दोन्ही हात एकत्र आणून गाणं लावू. ‘स्टँड बाय मी’चं आवर्तन आठ बारचं आहे. दोन बार सी, दोन बार ए मायनर, एक बार एफ, एक बार जी सेव्हन, दोन बार सी. मात्रांत सांगायचं तर आठ, आठ, चार, चार, आठ, एकूण बत्तीस. तालाच्या भाषेत विचार करणाऱ्याला हे सोयीचं आहे, कारण ठेक्यासारखंच हे चक्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत न बदलता फिरतं. यात गडबड नेहमी दोन ठिकाणी होते.

पहिली जागा पाचवा आणि सहावा बार. तोवर प्रत्येक कॉर्डला दोन बार मिळालेले असतात आणि हाताला तीच सवय लागते. एफवर आल्यावरही तो दोन बार थांबतो आणि गाणं पुढे निघून जातं. शिवाय तीन बोटांची जी सेव्हन नेमकी या घाईच्या जागीच येते. म्हणून पूर्ण आवर्तनाआधी एफ, जी सेव्हन, सी, सी हे शेवटचे चार बारच वेगळे काढून पुष्कळदा फिरवावेत. लय एवढी संथ ठेवावी की जी सेव्हनची तिन्ही बोटं मात्रा न चुकवता पडतील. मूळ गाण्याची लय मिनिटाला साधारण १२० मात्रांची आहे. सुरुवातीला ६० ते ७० पुरे.

दुसरी जागा आवर्तनाचा सांधा. आवर्तन दोन बार सीने संपतं आणि पुढचं दोन बार सीनेच सुरू होतं. म्हणजे सलग चार बार, सोळा मात्रा, एकच कॉर्ड वाजत राहते. इथे बोटांना काही काम नसतं, मन भरकटतं आणि ए मायनर केव्हा यायची हे विसरायला होतं. मैफलीत चार जण वाजवत असतील तर याच जागी दोघं आधी वळतात आणि दोघं नंतर. उपाय असा की सीचा पहिला फटका प्रत्येक नव्या आवर्तनाला जरा ठळक द्यायचा, म्हणजे सम कुठे आहे ते सगळ्यांना कळतं.

कॉर्ड बदलायला वेळ पुरत नाही, तेव्हा युकुलेले एक सवलत देतं. बारचा शेवटचा ‘आणि’, म्हणजे चौथ्या मात्रेनंतरचा वरचा फटका, मोकळ्या तारांवर वाजवला तरी चालतो. मोकळ्या तारा आहेत प, सा, ग, ध. पांढरी एकच्या शुद्ध सुरांत हे कुठेच टोचत नाहीत. म्हणून चौथ्या मात्रेचा खालचा फटका झाला की डावा हात निघू द्यायचा, वरचा फटका मोकळ्यावर पडू द्यायचा आणि पुढच्या ‘एक’ला नवी कॉर्ड हजर. ऐकणाऱ्याला ते श्वास घेतल्यासारखं वाटतं. अनुभवी वादकही हे सर्रास करतात, त्यामुळे नवशिक्याने ही चोरी समजू नये. उलट करणं मात्र चुकीचं आहे. बोटं पोहोचली नाहीत म्हणून उजवा हात थांबवायचा नाही. कॉर्ड अर्धवट असली तरी हात फिरत राहू दे. सोबत गाणाऱ्या माणसाला एखादा सूर हुकलेला कळत नाही, पण हुकलेली मात्रा लगेच कळते, कारण तिच्याबरोबर त्याचा शब्दही अडखळतो.

गाणं त्यावर घालताना एकदम शब्द घेऊ नका. आधी आवर्तन पहिल्या नमुन्याने, चार खालच्या फटक्यांनी वाजवत नुसतं गुणगुणा. मग त्याच साध्या नमुन्यावर शब्द. शब्द आले की उजव्या हाताला शब्दांच्या मागे जाण्याचा मोह होतो. शब्द जिथे पडतो तिथे फटका पडतो, शब्द लांबला की हात लांबतो. असं झालं की शब्द सोडून पुन्हा गुणगुणण्यावर या. शब्द आणि साधा नमुना सलग तीन आवर्तनं टिकले तरच तिसऱ्या नमुन्याकडे जा. दोन्ही एकत्र शिकायचा प्रयत्न केला तर दोन्ही बिघडतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. हे सगळं जमल्यावर उत्साहाने मूळ ध्वनिमुद्रण लावाल आणि त्याच्याबरोबर वाजवायला जाल, तर एकही कॉर्ड जुळणार नाही. तुमचं काही चुकलेलं नसेल. मूळ गाणं ए मध्ये, म्हणजे पांढरी सहामध्ये आहे आणि आपण ते पांढरी एकमध्ये वाजवतोय. तिथपर्यंत जायला ई कॉर्ड धरावी लागते आणि ती युकुलेलेवर भल्याभल्यांना त्रास देते. सोबत वाजवायचंच असेल तर गाण्याची पट्टी बदलून देणाऱ्या मोबाइल ॲपमध्ये ध्वनिमुद्रण तीन अर्धस्वर वर न्या, मग जुळेल.

याच कारणामुळे आवाजाचाही प्रश्न येतो. पांढरी एकमध्ये एखाद्याला गाणं खाली पडतं, एखाद्याला चढं होतं. किंचितच चढवायचं असेल तर युकुलेलेचा कॅपो मिळतो. तो दुसऱ्या फ्रेटवर लावला की बोटांच्या जागा त्याच राहतात आणि सा पांढरी दोन होतो. खाली न्यायचं असेल तर कॅपोचा उपयोग नाही. मग जी, ई मायनर, सी, डी ही याच नात्याची दुसरी चौकडी शिकावी लागते, ज्यात सा पांढरी पाच असतो. त्यातली डी नवशिक्याच्या बोटांना गर्दीची वाटते, म्हणून ती दुसऱ्या महिन्यासाठी ठेवावी. सगळ्यांनी मिळून गाताना गटातला सगळ्यांत जड आणि सगळ्यांत चढा आवाज दोघांनाही गाता येईल अशी पट्टी आधी गुणगुणून ठरवावी. युकुलेलेचा आवाज लहान असतो. दहा-बारा जण गाऊ लागले की तो झाकला जातो. अशा वेळी जोरात मारण्यापेक्षा दुसऱ्या-चौथ्या मात्रेची टाळी एखाद्याकडे सोपवावी. सुरुवात करताना एक पूर्ण आवर्तन नुसतं वाजवून दाखवावं, म्हणजे सगळ्यांना लय आणि सा दोन्ही मिळतात. शेवट करताना शेवटच्या सीवर हात थांबवून एकच संथ, मोठा फटका द्यावा.

पुढची गाणी निवडताना एक खूणगाठ उपयोगी पडते. सी कॉर्डमध्ये सा, ग, प आहेत, एफमध्ये म, ध, सा, जी सेव्हनमध्ये प, नि, रे, म. म्हणजे सातही शुद्ध स्वर या तीन कॉर्ड्सनी भरून निघतात, आणि ए मायनर त्यात रंग आणते. गाण्याची चाल फक्त शुद्ध स्वरांत फिरत असेल तर ती बहुधा या चौकडीत बसेल. वाढदिवसाचं गाणं तर सी, एफ आणि जी सेव्हन एवढ्यातच होतं. फक्त ते तीन मात्रांचं आहे, म्हणून एका बारला तीन खालचे फटके द्यायचे आणि पहिल्यावर जोर. चालीत कोमल ग किंवा कोमल नि येत असेल, तीव्र म येत असेल, तर या चार कॉर्ड्सवर ती ओढून बसवू नका. आपली कितीतरी भावगीतं अशी आहेत की ज्यांचा जीव त्या एका कोमल सुरात असतो. तिथे चुकीची कॉर्ड वाजवण्यापेक्षा सीची तार एकटी छेडत सा धरून ठेवावा आणि त्यावर गावं. इझ्राएल कामाकाविवोओले यांच्या आवाजात १९९३ साली निघालेलं ‘ओव्हर द रेनबो’ ऐकून युकुलेले घेणारे पुष्कळ आहेत. त्यांना एवढंच सांगेन की त्या गाण्याला या चौघींखेरीज ई मायनर लागते. तिच्यात बोटं एकाखाली एक तिरकी उतरतात: ए तारेवर दुसरा फ्रेट, ई तारेवर तिसरा, सी तारेवर चौथा. ‘स्टँड बाय मी’ न अडखळता दोनदा पूर्ण म्हणता आलं की ती घ्या.